रोजचे आठ किलोमीटर आणि दोन कोटेशनं

बरं केलंस गं, सही करण्याआधी विचारलंस. दोन शोरूमची दोन कोटेशनं समोर आहेत. नवरा म्हणतो पेट्रोलचीच घे, जाऊबाई म्हणतात आता कोण पेट्रोल भरतं, आणि शोरूममधला मुलगा "मॅडम, किलोमीटरला पंचवीस पैसे" म्हणून मोकळा होतो. तिघंही आपापल्या जागी बरोबरच असतात, पण तुझ्या घरचा हिशोब त्यांच्यातल्या कुणीच केलेला नाही. तो आपण दोघी करू. वही-पेन घे, मोबाइलवरचं गणकयंत्र पुरे.

आधी एकच प्रश्न. महिन्याला तू किती चालवतेस? "खूप फिरते गं मी" हे उत्तर चालणार नाही. नाशिकला इंदिरानगरातून मुलीला शाळेत सोडणं, येताना भाजी, मधेच बँक, संध्याकाळी क्लास, आठवड्यातून एकदा सासूबाईंची औषधं. दिवसभर पायाला भिंगरी असते तुझ्या, ते मला माहीत आहे. पण बघ, आत्ता जी जुनी गाडी वापरतेस तिच्या मीटरवरचा आकडा रविवारी लिहून ठेव आणि पुढच्या रविवारी परत बघ. तुझ्यासारख्या फेऱ्या करणाऱ्या बायकांचं सरासरी दिवसाला सात-आठ किलोमीटरच्या वर सहसा जात नाही. आपण आठ धरू, म्हणजे महिन्याला २४० किलोमीटर. सगळा निर्णय ह्या आकड्यावर टेकलेला आहे. जाहिरातीत दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर चालवणारा माणूस असतो. त्याची बचत खरी असली तरी ती तुझी नाही.

आता पेट्रोल. ११० सीसीची अॅक्टिव्हा किंवा ज्युपिटर मोकळ्या रस्त्यावर लिटरला पन्नासच्या आसपास देते, हे तू ऐकलेलं असणार. पण तुझ्या फेऱ्या दीड-दोन किलोमीटरच्या. गाडी सुरू केलीस की थंड इंजिनाला पहिली काही मिनिटं जास्त पेट्रोल लागतं, आणि ते नीट गरम होईपर्यंत तू शाळेच्या फाटकाशी पोचलेली असतेस. गाडी बंद, परत तासाने थंड. म्हणून तुझ्यासारखीला चाळीसच्या आसपास मिळाले तर ते ठीकच समज, गाडीत बिघाड आहे असं धरू नकोस.

अंदाजावर जायचं नसेल तर मोजायची पद्धत सोपी आहे. पंपावर टाकी भरताना नळी आपोआप 'टक्' करून थांबते तिथेच थांबव आणि मीटरचा आकडा लिही. दोन-तीन आठवडे नेहमीसारखी वापर. मग परत त्याच पंपावर तशीच टक् होईपर्यंत भर. या वेळी जितके लिटर गेले, त्याने मधल्या किलोमीटरना भाग दे. शंभर-दोनशे रुपयांचं पेट्रोल टाकून हे कधीच कळत नाही, कारण टाकीत आधी किती होतं ते माहीत नसतं.

तर २४० किलोमीटरला चाळीसने भागलं की सहा लिटर. लिटरला १०४ रुपये धरले तर महिन्याचे ६२४. हा झाला पेट्रोलचा आकडा, कोपऱ्यात लिहून ठेव.

विजेचं आता. इलेक्ट्रिक स्कूटरला शंभर किलोमीटरला साधारण तीन-साडेतीन युनिट लागतात. चार्ज करताना थोडी वीज उष्णतेत वाया जाते, ती धरून मी साडेतीन सांगते आहे. तुझ्या २४० किलोमीटरला ८.४ युनिट होतात. जुनी ४० वॅटची ट्यूबलाइट रोज सात तास जळली तर महिन्याला साधारण एवढीच वीज लागते. शेजारणीने "बिल दुप्पट येतं गं" म्हणून घाबरवलं असेल तर हे तिलाही सांग.

बिलाचा दर मात्र नीट समजून घे, कारण इथेच बहुतेकींचा घोळ होतो. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटना एक दर असतो, १०१ ते ३०० ला जवळजवळ दुप्पट, आणि ३०० च्या पुढे आणखी चढा. "शंभराच्या वर गेलं की सगळंच बिल महाग होतं" असं नसतं. महाग दर फक्त वरच्या युनिटना लागतो, खालचे शंभर आपल्या जुन्याच दराने राहतात. पण स्कूटरची युनिटं ही तुझ्या वापरावर चढलेली जादाची युनिटं, म्हणून त्यांना तुझ्या सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर लाव, बिलाला एकूण युनिटनी भागून आलेला सरासरी दर नको. घरात फ्रिज, गिझर, दोन पंखे असले की बहुतेक घरं दुसऱ्या टप्प्यात असतात. तिथे वहन आकार आणि वीज शुल्क धरून युनिटला बारा रुपये मान. ८.४ गुणिले १२ म्हणजे १०१ रुपये. उन्हाळ्यात एसी लावता आणि ३०० च्या वर जाता? मग सोळा धर, १३४ रुपये होतील. खरं सांगू का, टप्पा कुठलाही असो, फरक तीस-पस्तीस रुपयांचा. विजेच्या दरावरून रात्रीची झोप घालवण्यात अर्थ नाही.

६२४ वजा १०१. महिन्याला ५२० रुपयांच्या आसपास वाचतात, वर्षाला सव्वासहा हजार.

सर्व्हिसिंगचं थोडक्यात सांगते. पेट्रोलच्या गाडीला किलोमीटर कमी झाले तरी ऑइल बदलावंच लागतं, किंबहुना लहान फेऱ्यांच्या गाडीत ते वेळेवर बदललेलं बरं, कारण इंजिन पुरतं तापत नाही आणि आत जमलेली वाफ उडून जात नाही. ऑइल, प्लग, एअर फिल्टर धरून वर्षाचे अठराशे रुपये मान. इलेक्ट्रिकला यातलं काही नाही. ब्रेक, टायर, जोडण्या तपासणं, नऊशे धर. पीयूसी इलेक्ट्रिकला लागत नाही. विम्यात थर्ड पार्टीचा हप्ता इलेक्ट्रिकला थोडा कमी बसतो, पण गाडीची किंमत जास्त म्हणून स्वतःच्या नुकसानीचा विमा जास्त बसतो. ते दोन्ही एकमेकांत फिटतात, आपण विमा सोडून देऊ. ब्रेक आणि टायर दोघींनाही लागतात, तेही सोडू.

सगळं मिळून इलेक्ट्रिक तुला वर्षाला साधारण ७,२०० रुपये वाचवते, महिन्याला ६००. या ६०० वर बोट ठेव, कारण यापुढे प्रत्येक गोष्ट ह्याच मापाने मोजायची आहे.

आता कोटेशनं उघड. समजा पेट्रोलची गाडी रस्त्यावर येईपर्यंत ९८,००० ला पडते आणि लहान बॅटरीची इलेक्ट्रिक १,१८,००० ला. फरक २०,०००. महिन्याला ६०० वाचणार, म्हणजे तेहेतीस-चौतीस महिन्यांत, तीन वर्षांच्या आतच फरक फिटतो. छान आहे. पण शोरूममध्ये तुला लहान बॅटरीची गाडी कोपऱ्यात दाखवतील आणि मोठी पुढे आणतील. एका चार्जिंगमध्ये दीडशे किलोमीटर जाणारी, मोठ्या स्क्रीनची, १,४३,००० ची. तिचा फरक ४५,०००, आणि तो फिटायला सव्वासहा वर्षं लागतात. तू तर दिवसाला आठ किलोमीटर जातेस. लहान बॅटरीची गाडी, साधारण सव्वादोन युनिटची, प्रत्यक्षात साठ-पासष्ट किलोमीटर सहज जाते. म्हणजे तुला चार्जिंग आठवड्यातून एकदा. मोठ्या बॅटरीचे जादा पैसे देऊन तू आठवड्याऐवजी पंधरवड्यातून एकदा चार्ज करशील, एवढंच. त्यासाठी २५,००० द्यायचे का? मला विचारशील तर अजिबात नको. शोरूमवाला कितीही गोड बोलला तरी लहान बॅटरीच माग, स्टॉकमध्ये नसेल तर आठ दिवस थांब.

कर्जाने घेणार असशील तर आणखी एक बघ. फरकाचे ते २०,००० तीन वर्षांसाठी बारा टक्क्यांनी घेतलेस तर हप्ता ६६४ रुपयांनी वाढतो. बचत ६००, जादा हप्ता ६६४. तीन वर्षं खिशातून जवळजवळ तेवढेच जाणार, फक्त पंपाऐवजी बँकेत. फायदा चौथ्या वर्षापासून दिसायला लागतो. हे आधीच माहीत असलं की "कुठे काय वाचतंय" म्हणून नवरा-बायकोत दर महिन्याला वाद होत नाही.

आणि बॅटरी? हो, तिकडेच येते आहे. मला ठाऊक आहे, तुझ्या पोटातली खरी भीती ती आहे.

लिथियम बॅटरी दोन तऱ्हांनी जाते. एक म्हणजे हळूहळू क्षमता कमी होणं. वापराने होतं, आणि नुसतं वय वाढूनही होतं. तू कमी चालवतेस म्हणून ती अमर राहील असं नाही, नाशिकच्या एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली उभी राहिली तरी ती थकते. पण बघ, इथे तुझ्या छोट्या फेऱ्या तुझ्या मदतीला येतात. सात-आठ वर्षांनी ती सत्तर टक्क्यांवर आली तर पासष्टचे पंचेचाळीस किलोमीटर होतील. दुसऱ्या कुणाला ही अडचण असेल. तुला आठवड्यातून एकदाऐवजी पाच दिवसांनी चार्ज करावं लागेल, बस. थकलेली बॅटरी तुला चालते.

दुसरी तऱ्हा वाईट. आतला एखादा सेल, सर्किट किंवा कंट्रोलर अचानक बंद पडतो आणि गाडी उभी राहते. वॉरंटी संपल्यावर तसं झालं तर नव्या बॅटरीला पन्नास-साठ हजार पडू शकतात. आपल्या मापाने मोज, ७,२०० ने भागलं तर ही सात-आठ वर्षांची बचत आहे. एका दणक्यात गेली. म्हणून वॉरंटी हाच तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे, रंग आणि स्क्रीन नंतर.

साधी वॉरंटी बऱ्याचदा तीन वर्षांची असते, आणि थोडे जादा पैसे भरून ती आठ वर्षांपर्यंत वाढवता येते. त्याला समजा सहा हजार पडले, म्हणजे दहा महिन्यांची बचत. फरक २०,००० चा २६,००० होतो आणि फिटायला साडेतीन वर्षांच्या थोडं वर लागतात. तरी घे. मात्र घेताना तीन गोष्टी कागदावर शोध, तोंडी नको. नुसत्या बॅटरीवर आहे की मोटर, कंट्रोलर आणि चार्जरवरही? क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बदलून देणार? आणि दरवर्षीची सर्व्हिस चुकली तर वॉरंटी रद्द होते का? शेवटचं बहुतेकदा "हो" असतं. कमी चालवणाऱ्या बायकाच "गाडी तर नवीनच आहे" म्हणून सर्व्हिस टाळतात, तेव्हा कॅलेंडरवर ती तारीख आत्ताच घाल.

सांभाळायचं फार काही नाही. उन्हातून आल्या आल्या चार्जरला लावू नकोस, अर्धा-पाऊण तास थंड होऊ दे. रोज शंभर टक्के भरायची गरज नाही, तुला ऐंशीपर्यंत भरपूर झालं, मधूनमधून कंपनी सांगेल तेव्हा पूर्ण भर. मे महिन्यात माहेरी महिनाभर जाशील तेव्हा ती पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवून जाऊ नकोस. निम्म्याच्या आसपास ठेव आणि सावलीत लाव.

आता जरा स्पष्ट बोलते, रागावू नकोस. तुझी जुनी गाडी खरंच गेली आहे का? कारण ती धड चालत असेल आणि फक्त "पेट्रोल वाचेल" म्हणून बदलत असशील, तर हिशोब पार उलटा होतो. जुनीचे ३५,००० आले आणि नवी इलेक्ट्रिक १,१८,००० ची घेतलीस तर खिशातून ८३,००० गेले. वर्षाला ७,२०० वाचून ते फिटायला साडेअकरा वर्षं लागतात. मग हे वाचवणं झालं नाही गं. अशा वेळी जुनीला नवा टायर, नवी बॅटरी, एक नीट सर्व्हिस, तीन-चार हजारांत काम होतं आणि आणखी दोन-तीन वर्षं सुखाने जातात. बदलायची वेळ तेव्हा, जेव्हा ती दर महिन्याला गॅरेजमध्ये जायला लागते किंवा रस्त्यात बंद पडून तुला मुलीसकट उभं करते. तेव्हा नवी घ्यायचीच असते, आणि तेव्हाच हा २०,००० चा फरक खरा लागू होतो.

दोन सापळे सांगते, दोन्ही खास आपल्यासारख्या कमी फिरणाऱ्या बायकांसाठी मांडलेले असतात. पहिला, पन्नास-साठ हजारांत मिळणारी "लायसन्स नको, पासिंग नको" अशी छोटी गाडी. नियमाप्रमाणे मोटर २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच ही सवलत मिळते. त्याहून वेगाने पळत असेल तर ती नियमात बसत नाही, आणि अपघात झाला तर विम्याच्या नावाने ठणठणाट. शिवाय स्वस्त गाड्यांत बऱ्याचदा लेड-अॅसिड बॅटऱ्या असतात, इन्व्हर्टरसारख्या जड. दीड-दोन वर्षांत त्या बसतात आणि नवा संच दहा-पंधरा हजारांना येतो. म्हणजे पेट्रोलमध्ये वाचवलेलं जवळजवळ सगळं तिकडे जातं. ओळखायचं कसं? "बॅटरी लिथियम आहे का, बिलावर लिहून द्या" एवढंच म्हण. टाळाटाळ झाली की बाहेर पड.

दुसरा म्हणजे बॅटरी भाड्याने. गाडी स्वस्तात देतात आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरमागे घेतात. वाईट योजना नाही, बॅटरी बिघडण्याची भीती त्यांच्या डोक्यावर जाते. पण किलोमीटरला समजा रुपया घेतला तर तुझे २४० रुपये भाडं आणि १०० वीज, म्हणजे पेट्रोलपेक्षा बचत तीनशेच्या आतच. आणि विचार, महिन्याला कमीत कमी किती किलोमीटरचं भाडं भरावंच लागतं? तू २४० चालवणार आणि ते पाचशेचे पैसे घेणार असतील, तर न चालवलेल्या किलोमीटरचं पेट्रोल भरल्यासारखं झालं.

आता सगळ्यात शेवटी जे सांगते ते खरं तर सगळ्यात आधी कर, बुकिंगचे पैसे भरण्यापूर्वी. पार्किंगमध्ये प्लग कुठे आहे? तुझं घर तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून वायर खाली सोडायची नाही, शपथ आहे तुला. पावसात ती भिजते, घासते, आणि लांब एक्स्टेन्शनचा जोड तापतो. घरात गिझरला असतो तसा मोठा, सोळा अॅम्पिअरचा पॉइंट पार्किंगमध्ये हवा, आणि त्याला अर्थिंग खरंखुरं हवं. नुसतं तिसरं भोक असून उपयोग नाही, वायरमनला मीटर लावून तपासायला सांग. चार्जिंग सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लाव. गरम लागला तर सॉकेट ढिलं आहे, तिथेच बंद कर आणि बदलून घे.

हा पॉइंट तुझ्या घरच्या मीटरवरून खाली आणता आला तर उत्तम. वायर आणि पाइपचा खर्च तीन-चार हजारांपर्यंत जाऊ शकतो, तोही फरकात मिळव. म्हणजे पाच-सात महिने आणखी. ते जमत नसेल तर सोसायटीच्या मीटरवरून घेऊन मध्ये छोटा सबमीटर बसव आणि कमिटीला लेखी अर्ज दे. सेक्रेटरी "सगळ्यांच्या पैशाची वीज" म्हणतील. त्यांना शांतपणे सांग, महिन्याला आठ-नऊ युनिट, सोसायटीच्या दराने जे होतील ते पैसे मी दर महिन्याच्या देखभाल खर्चासोबत भरते, सबमीटरचं रीडिंग तुम्ही स्वतः घ्या. आकडा समोर ठेवला की बहुतेक माणसं नरमतात. आणि लेखी परवानगी मिळालीच नाही, तर हट्ट नको. पेट्रोलची घे, महिन्याला ६०० जास्त जातील. एवढ्यासाठी आठवड्याच्या आठवड्याला पार्किंगमध्ये भांडण काढण्याची गरज नाही.

उद्या शनिवार आहे, कमिटीची माणसं खाली भेटतील. अर्ज आज रात्रीच लिहून ठेव, मला पाठवलास तर नजर टाकून देते.